माणूस गेल्यावर त्याच्या फोनमधले फोटो: पहिले ३ दिवस, १४ दिवसांची मुदत आणि नंतरची कागदपत्रं

काका गेले तेव्हा त्यांचा फोन नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलमध्ये परत मिळालेल्या पिशवीत होता. चष्मा, घड्याळ, पाकीट आणि फोन. बॅटरी २० टक्क्यांच्या आसपास असावी. पिशवी तशीच मानेवाड्याच्या घरी आली आणि देवघराच्या बाजूला ठेवली गेली. दुसऱ्या रात्री फोन बंद पडला. पाचव्या दिवशी कुणीतरी चार्जिंगला लावला, तर तो पॅटर्न मागू लागला, आणि पॅटर्न कुणालाच माहीत नव्हता. तेव्हा काकू म्हणाल्या, "माझा अंगठा चालत होता नं त्यात. त्यांनीच लावून ठेवला होता, औषधाची वेळ पाहायला."

त्या अंगठ्याने फोन बंद पडण्याआधी सहज उघडला असता. पाचव्या दिवशी उघडत नव्हता, आणि आजतागायत उघडलेला नाही. त्यानंतर जे केलं, जे चुकलं आणि जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहितो. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असतो तो अँड्रॉइड फोन आणि गुगलचं खातं, म्हणून भर त्यावरच आहे. आयफोनचं शेवटी थोडक्यात येईल.

अंगठा का चालला नाही

आजच्या फोनमधला सगळा मजकूर कुलूपबंद स्वरूपात साठवलेला असतो. फोन चालू केल्यावर पहिल्यांदा पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड टाकला की त्याची किल्ली तयार होते आणि फोन बंद होईपर्यंत ती आत राहते. बोटाचा ठसा ही किल्ली तयार करू शकत नाही. आत असलेली किल्ली वापरायची परवानगी फक्त तो देतो. बॅटरी संपून फोन बंद झाला की किल्ली गेली, आणि मग कितीही ठसे नोंदवलेले असोत, फोन पिनच मागतो.

फोन चालू राहिला तरी वेळ मर्यादित असतो. अँड्रॉइड फोन शेवटचा पिन टाकल्यापासून साधारण ७२ तासांनी ठसा नाकारतो आणि पुन्हा पिन मागतो. शिवाय २०२५ पासून अनेक अँड्रॉइड फोन सलग ३ दिवस न उघडता पडून राहिले तर आपणहून एकदा बंद होऊन चालू होतात. चोरीच्या फोनसाठी केलेली ही सोय आहे, पण दुःखात बुडालेल्या घराचाही तिच्यात बळी जातो. आयफोन ४८ तास उघडला गेला नाही तर ठसा किंवा चेहरा नाकारतो.

म्हणून राख सावडायच्या दिवसापर्यंत एवढं एकच काम करायचं: फोन चार्जरला लावून ठेवा, बंद होऊ देऊ नका, आणि घरात विचारा की यात आणखी कुणाचं बोट किंवा चेहरा नोंदवलेला आहे का. बायको, नातू, शेजारी राहणारी मुलगी, कुणाचंही असू शकतं. विचारायला अवघड वाटतं हे खरं. आम्हीही विचारलं नाही.

या दिवसांत सिमकार्ड काढू नका. काही फोन सिम काढल्यावर पुन्हा चालू करायला सांगतात आणि तिथेच संधी जाते. स्क्रीनही पुसू नका. पॅटर्न ओढणाऱ्या बोटाचा तेलकट माग काचेवर राहतो आणि तिरप्या उजेडात कधीकधी दिसतो. काकांचा फोन आमच्याकडे कुणीतरी श्रद्धेने स्वच्छ पुसून ठेवला होता.

फोन मधल्या काळात बंद होऊन चालू झालाय की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. ज्याचा नंबर त्यात नावाने साठवलेला आहे अशा नातेवाइकाला त्यावर फोन करायला सांगा. स्क्रीनवर नाव आलं तर किल्ली अजून आत आहे, ठसा चालण्याची आशा आहे. नुसता नंबर आला तर फोन नव्याने चालू झालेला आहे आणि पिनशिवाय मार्ग नाही.

फोन उघडलाच तर

ठसा चालला किंवा पिन माहीत असला तर आधी फोटो पाहत बसू नका. स्क्रीन बंद होऊ न देता केबलने संगणकाला जोडा, फोनवर येणाऱ्या पर्यायांमधून फाइल ट्रान्सफर निवडा आणि हे फोल्डर जसेच्या तसे उतरवून घ्या:

```
DCIM
Pictures
Download
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

पहिल्यात कॅमेऱ्याचे फोटो असतात, शेवटच्यात व्हॉट्सॲपवर आलेले-गेलेले फोटो, व्हिडिओ आणि आवाजाचे निरोप. आवाजाचे निरोप विसरू नका. घरच्यांना पुढे सर्वांत जास्त तेच हवे असतात. सगळं उतरल्यावर संगणकावरचे चार-पाच फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून पाहा, मगच केबल काढा. नंतर ते एका वेगळ्या डिस्कवरही ठेवा.

फोन उघडत नसेल तर काय करू नये

काकांचा मुलगा पुण्याहून आला होता. तो सीताबर्डीच्या एका दुकानात फोन घेऊन गेला. "लॉक काढून देतो, हजार रुपये," असं तिथे सांगितलं गेलं. फोटो राहतील का, असं त्याने दोनदा विचारलं तेव्हा उत्तर आलं की फोन नवा होऊन मिळेल. तो फोन घेऊन परत आला, हे आमचं नशीब.

दुकानात 'लॉक काढणं' म्हणजे जवळजवळ नेहमी फोन पूर्ण पुसणं असतं. पुसल्यावर ती किल्ली कायमची नष्ट होते आणि फोटो कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाहीत. वर पुसलेला फोन चालू करताना जुनं गुगल खातं आणि पासवर्ड मागतो, म्हणजे हाती फोनही नीट लागत नाही. गुगलच्या 'फोन शोधा' पानावरूनही तो उघडता येत नाही. तिथे कुलूप लावता येतं किंवा सगळं पुसता येतं, एवढंच. ते पुसण्याचं बटण चुकूनही दाबू नका.

पिनचे अंदाज करायचे असतील तर वही घेऊन एकाच माणसाने करावेत. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर फोन थांबायला लावतो, मग ही थांबण्याची वेळ वाढत जाते, आणि काही फोनमध्ये ठरावीक चुकांनंतर सगळं आपोआप पुसण्याची सोय मालकाने चालू केलेली असू शकते. आमच्याकडे तिघांनी वेगवेगळ्या खोल्यांत नऊ प्रयत्न केले आणि कुठले नऊ हे कुणालाच आठवत नव्हतं. गाडीचा नंबर, जन्मसाल, लग्नाची तारीख, जुन्या फोनचा पॅटर्न, बस. त्यापुढे जाऊ नका.

तेरवीपर्यंत: आधीच उघडी असलेली दारं

बंद फोनवर डोकं आपटण्याऐवजी एक प्रश्न विचारा: हेच फोटो आणखी कुठे आहेत? फोन घेतल्या दिवसापासून गुगल फोटोजमध्ये प्रती जात राहिल्या असण्याची शक्यता बरीच असते, आणि माणसाला स्वतःलाही ते माहीत नसतं.

सर्वांत आधी घरचा लॅपटॉप पाहा, कारण तिथे मुदत आहे. त्यावर व्हॉट्सॲप वेब उघडं असेल आणि मुख्य फोन वापरात नसेल तर साधारण १४ दिवसांनी ते आपोआप बाहेर पडतं. तेरवीच्या गडबडीत ही मुदत निघून जाते. आम्हाला ते उघडं व्हॉट्सॲप अकराव्या दिवशी सापडलं. घरच्या गटातले आणि काकूंशी झालेल्या बोलण्यातले फोटो आम्ही त्याच दिवशी उतरवले. बाकीच्या माणसांची बोलणी उघडली नाहीत. काकांनी ती आमच्यासाठी लिहिलेली नव्हती, आणि समोरच्या जिवंत माणसांची तर नव्हतीच.

काकांचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून व्हॉट्सॲप सुरू करावं, असा सल्ला हमखास मिळतो. तसं केल्याने जुनी बोलणी येत नाहीत, कारण त्यांची प्रत गुगल खात्यात असते आणि ते खातं नव्या फोनवर नसतं. उलट जुन्या फोनवरचं आणि लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप बाहेर पडतं. म्हणजे उघडं दार आपणच लावून घेतो.

लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये काकांचं गुगल खातंही चालू होतं. तिथे `photos.google.com` उघडलं आणि २०१८ पासूनचे फोटो समोर आले. गुगलची सगळी माहिती एकदम उतरवून देणारी `takeout.google.com` ही सोय आहे, पण ती बहुतेक वेळा पासवर्ड पुन्हा मागते. पासवर्डचे अंदाज तिथे करू नका, नाहीतर संशय येऊन चालू असलेलं खातंही बंद होऊ शकतं. आम्ही फोटोंच्या पानावरूनच निवडून उतरवले. एका वेळी ५०० पर्यंत निवडता येतात. साधारण ४,१०० फोटोंसाठी नऊ गठ्ठे झाले आणि एक संध्याकाळ गेली. प्रत्येक गठ्ठा उघडून त्यातले फोटो मोजले. एक गठ्ठा इंटरनेट तुटल्याने अर्धाच आला होता. मोजलं नसतं तर तो निसटला असता.

मग लक्षात आलं की शेवटचा फोटो २०२३ च्या दिवाळीचा आहे. त्यानंतरचा एकही नाही. कारण साधं होतं: गुगल १५ जीबी जागा फुकट देतं, ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते, आणि ती भरली की प्रती जाणं थांबतं. फोनवर तशी सूचना येते, पण काकांच्या वयाची माणसं ती बाजूला सारतात. आपल्या बाबतीतही शेवटच्या फोटोची तारीख आधी पाहा. तिच्यापुढचं सगळं फक्त फोनमध्ये आहे असं धरून चाला.

राहिलेल्या दोन वर्षांसाठी आम्ही नातेवाइकांकडे गेलो. काकांनी ज्यांना फोटो पाठवले होते त्यांच्या फोनमध्ये ते होते. परत मागवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर व्हॉट्सॲप पुन्हा एकदा दाबून लहान करतं. फोनमधलं मेमरी कार्डही या टप्प्यावर काढून संगणकाला लावून पाहिलं. आमच्या कार्डात भजनं निघाली, पण जुन्या फोनमध्ये कॅमेरा थेट कार्डावर साठवतो, म्हणून ते पाहायलाच हवं.

कायदा काय म्हणतो आणि काय म्हणत नाही

मृत माणसाच्या ऑनलाइन खात्यांचं काय करायचं हे नीट सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. फोन ही जंगम वस्तू, ती वारसांची होते. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. अविवाहित मुलगा गेला तर आई पहिल्या वर्गात येते, वडील नाही, हे अनेक घरांत माहीत नसतं. खातं मात्र कंपनीशी झालेल्या कराराने चालतं, आणि वारस झालो म्हणजे पासवर्ड मिळण्याचा हक्क मिळाला असं होत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ६६-सी दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरण्याला गुन्हा ठरवतं. ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड अशी त्याची शिक्षा आहे. घरच्या लॅपटॉपवर सगळ्यांच्या संमतीने फोटो उतरवणं आणि काकांच्या सिमवर ओटीपी मागवून बँकेचे पैसे हलवणं या दोन गोष्टींत हेतूचं अंतर आहे. भावंडांत वाद झाला तर ते अंतर सिद्ध करावं लागतं. म्हणून आम्ही काकू, मुलगा आणि मुलगी या तिघांच्या सह्यांचं साधं संमतीपत्र केलं: कोणत्या उपकरणातून, कोणते फोटो, कोण उतरवणार आणि प्रती कुणाकुणाला मिळणार. काकांची आई हयात असती तर तिचीही सही घेतली असती. दिवाणी कोर्टाजवळ, सिव्हिल लाइन्समध्ये, त्यावर नोटरीचा शिक्का घेतला.

पैशांच्या ॲपला हात लावू नका. यूपीआय पिन माहीत असला तरीही नाही. बँकेत मृत्यू दाखला देऊन नॉमिनी किंवा वारस म्हणून दावा करायचा, तोच मार्ग. काकांनी दिलेलं मुखत्यारपत्रही त्यांच्या मृत्यूबरोबर संपलं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १४ मध्ये आपल्या पश्चात हक्क बजावण्यासाठी कुणाला तरी नेमून ठेवण्याची तरतूद आहे. पण नेमायचं ते जिवंतपणी. गेलेल्या माणसाच्या घरच्यांना त्याचा उपयोग नाही.

मृत्यू दाखला: नावाचं स्पेलिंग आधी पाहा

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या हद्दीत होते. शहरात महापालिकेकडे, आणि नागपूर महापालिकेचं काम लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर अशा दहा झोनमधून चालतं. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंदीचा कागद दवाखानाच पाठवतो, घरी झाला तर घरच्यांनी जायचं. दाखल्याच्या किमान पाच-सहा प्रती घ्या.

कागद जाण्याआधी इंग्रजी स्पेलिंग आधार आणि पॅनशी जुळवून घ्या. परदेशी कंपन्या दाखल्यावरचं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षर-अक्षर ताडून पाहतात. काकांच्या दाखल्यात वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं. दुरुस्ती झाली, पण अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि तीन फेऱ्या लागल्या.

गुगलकडे अर्ज

गुगलच्या मदत पानांमध्ये `Submit a request regarding a deceased user's account` असा अर्ज आहे. त्यात निवडायचे मुख्य तीन पर्याय म्हणजे खातं बंद करणं, खात्यातला निधी मागणं आणि `Obtain data from a deceased user's account`, म्हणजे माहिती मागणं. माहिती मागायची असेल तर तोच निवडा. खातं आधी बंद करायला सांगितलं तर नंतर मागायला काही उरत नाही.

अर्जात आपलं पूर्ण नाव, मेल, पत्ता, नातं, मृत व्यक्तीचं नाव आणि तिचा जीमेल पत्ता भरायचा असतो. सोबत आपल्या ओळखपत्राची आणि मृत्यू दाखल्याची स्कॅन केलेली प्रत जोडायची. कागद इंग्रजीत नसेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. आपला दाखला सहसा मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, त्यामुळे ते वाचतं. लग्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड जोडलं तर मात्र भाषांतर करून घ्यावं लागेल.

अडचण जीमेलच्या नावाची येते. कित्येकांच्या खात्याचं नाव भलतंच असतं, फोन घेऊन देणाऱ्या दुकानदाराने टाकलेलं. तसं असेल तर त्या पत्त्यावरून तुम्हाला पूर्वी आलेली मेल शोधून ठेवा. हे खातं त्याच माणसाचं होतं याचा तो चांगला पुरावा ठरतो.

आता खरी मर्यादा. गुगल पासवर्ड कधीच देत नाही. माहिती देण्याचा विचार झाला तरी पुढची पायरी म्हणून अमेरिकेतल्या न्यायालयाचा आदेश मागितला जाऊ शकतो. नागपूरच्या दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र तिथे आपोआप पुरत नाही. आमच्या वकिलांनी खर्चाचा अंदाज सांगितला आणि काकूंनी नको म्हटलं. ज्यांच्या खात्यात व्यवसायाची कागदपत्रं किंवा मोठा व्यवहार आहे त्यांनीच तो मार्ग घ्यावा, असं मलाही वाटतं. निव्वळ फोटोंसाठी उघडी दारं शोधणं जास्त फळाला येतं.

एक मुदत मात्र ध्यानात ठेवा. २ वर्षं अजिबात वापर नसलेलं गुगल खातं मजकुरासकट काढून टाकलं जाऊ शकतं.

आयफोन असेल तर

ॲपलमध्ये २०२१ च्या अखेरीस लेगसी कॉन्टॅक्टची सोय आली. गेलेल्या माणसाने तुम्हाला तसं नेमलं असेल तर तुमच्याकडे एक ॲक्सेस की असते. ती आणि मृत्यू दाखला घेऊन `digital-legacy.apple.com` वर अर्ज करायचा. मंजूर झाला की आयक्लाउडमधले फोटो मिळतात, साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत. पहिली विनंती मंजूर झाल्यापासून ३ वर्षांनी खातं कायमचं पुसलं जातं, म्हणून मिळाल्याबरोबर सगळं उतरवून घ्या.

नेमलेलं नसेल तर ॲपल न्यायालयाचा आदेश मागतं, आणि त्यातला मजकूर नेमका असावा लागतो: मृत व्यक्तीचं नाव आणि ॲपल खातं, त्या खात्याची ती वापरकर्ती होती, अर्जदार तिचा कायदेशीर वारस आहे व त्याची परवानगी कायदेशीर संमती ठरते, आणि ॲपलने खातं उघडण्यास मदत करावी असा आदेश. इथले वकील सवयीने १९२५ च्या वारसा कायद्याच्या कलम ३७२ खालचं प्रमाणपत्र काढायला सांगतात. ते येणी आणि रोखे यांच्यासाठी आहे. ते घेऊन ॲपलकडे गेलात तर परत यावं लागेल. वकिलांना ॲपलची ही यादी छापून द्या आणि अर्जातली मागणी तिच्याबरहुकूम लिहून घ्या. आयक्लाउडमध्ये प्रत गेली नसेल तर मात्र हा आदेशही उपयोगाचा नाही. फोनचं कुलूप ॲपलही फोन पुसल्याशिवाय काढू शकत नाही.

सिम आणि राहिलेला फोन

काकांचं सिम आम्ही लगेच बंद केलं नाही. बँकेचे, विम्याचे आणि गॅसचे निरोप त्यावर येत होते, कुठे कुठे खाती आहेत हे त्यातूनच कळलं. रिचार्ज संपून नंबर बराच काळ पडून राहिला तर कंपनी तो काढून दुसऱ्या कुणाला देऊ शकते, आणि मग काकांच्या नावाचे ओटीपी अनोळखी माणसाकडे जातील. म्हणून सगळे दावे मिटेपर्यंत कमीत कमी रिचार्ज चालू ठेवला. नंतर मृत्यू दाखला, काकूंचं ओळखपत्र आणि मुलांचं ना-हरकत पत्र देऊन नंबर काकूंच्या नावावर करून घेतला.

फोन आता काकूंच्या कपाटात आहे. २०२३ च्या दिवाळीनंतरचं जे कुणाला पाठवलं गेलं नाही ते त्यातच आहे. दर दोन-तीन महिन्यांनी मी जातो तेव्हा तो निम्म्यापर्यंत चार्ज करून बंद करतो, म्हणजे बॅटरी फुगणार नाही. पाठीला चिकटपट्टीने कागद लावला आहे: पुसू नका, दुकानात देऊ नका, नऊ प्रयत्न झाले आहेत.